नमुना हाती नसताना दुसऱ्याच्या शैलीत लिहिणे

प्रश्न : «एका ज्येष्ठ व्यक्तीने निवृत्तीनिमित्त छापायचे मनोगत मला लिहून मागितले आहे. “माझ्या शैलीत लिहा,” एवढेच त्यांनी सांगितले. त्यांचे लेखन मी कधीच वाचलेले नाही आणि नमुनाही मिळालेला नाही. त्यांच्याकडे नेमके काय मागावे आणि ते मिळेपर्यंत काय करावे?»

दुसऱ्यांच्या नावाने छापली जाणारी मनोगते, भाषणे आणि आठवणी लिहून देण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे, आणि तुमच्यासमोर आहे तशी मागणी माझ्याकडेही वारंवार येते. माझ्या मते खरी अडचण नमुना नसण्यापेक्षा वेगळी आहे. “माझी शैली” हे शब्द उच्चारताना त्या व्यक्तीच्या मनात काय आहे, हे तुम्हाला ठाऊक नाही. काहींच्या मनात आपण बोलतो कसे हे असते, काहींच्या मनात आपण आजवर लिहीत आलो ते असते, आणि पुष्कळांच्या मनात आपण ज्या रूपात लोकांसमोर यावे असे त्यांना वाटते ते रूप असते. या तीन गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीतही सहसा जुळत नाहीत. म्हणून नमुना मागण्याच्या आधी मी एक प्रश्न विचारतो : “हे वाचून तुमच्या जवळच्या माणसाने काय म्हणावे असे तुम्हाला वाटते?” कोणी म्हणते की, माझा आवाज ऐकू आला असे वाटावे. कोणी म्हणते की, मी इतके चांगले लिहितो हे लोकांना कळावे. दुसरे उत्तर आले तर नमुन्यांचे महत्त्व बरेच कमी होते, कारण तिथे मागणी सुधारित रूपाची आहे आणि ती तशी ओळखूनच काम करावे लागते. पुढचे सारे पहिल्या उत्तराला धरून लिहीत आहे.

विशेषणांवर अवलंबून राहू नका, हे मी सर्वांत आधी सांगेन. “माझी भाषा साधी, ओघवती आहे” असे वर्णन जवळजवळ प्रत्येकजण करतो, आणि त्यातून लिहिणाऱ्याला हाती काहीच लागत नाही. “यंत्र बंद पडले. काम थांबले.” हीही साधी भाषा आहे, आणि “यंत्र बंद पडल्यामुळे आमचे काम थांबले, पण त्यामुळे एक बरे झाले की सगळे जण कित्येक दिवसांनी एकत्र बसले” हीसुद्धा साधीच भाषा आहे. शब्द दोन्हीकडे सोपे आहेत, तरी ही दोन वाक्ये एकाच हातची वाटत नाहीत. पहिला माणूस घटना सांगून थांबतो, दुसरा तिला काहीतरी जोडल्याशिवाय पुढे जात नाही. हा फरक त्या दोघांनाही स्वतःहून सांगता येणार नाही, कारण आपल्या लिहिण्यातल्या सवयी आपल्याला दिसत नाहीत.

सवयी न दिसण्याचे कारण असे की, त्या बहुतेक वेळा अगदी लहान शब्दांत असतात. याचा एक प्रसिद्ध पुरावा अमेरिकेच्या नव्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ लिहिलेल्या फेडरलिस्ट लेखांच्या बाबतीत मिळाला. 1787 आणि 1788 या वर्षांत ‘पब्लियस’ या एकाच टोपणनावाने हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे या तिघांनी 85 लेख लिहिले, आणि त्यांपैकी 12 लेख हॅमिल्टनचे की मॅडिसनचे यावर दीर्घकाळ वाद राहिला. मॉस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी 1964 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विषय आणि मोठे शब्द बाजूला ठेवून किरकोळ वाटणारे शब्द मोजले. इंग्रजीतील ‘अपॉन’ हा शब्द हॅमिल्टन हजार शब्दांत सुमारे तीन वेळा वापरत होता, तर मॅडिसनच्या लेखनात तो क्वचितच येत होता. अशा अनेक शब्दांच्या आधारे वादातील लेख मॅडिसनचे असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. आपल्याला कर्ता सिद्ध करायचा नाही, त्यामुळे इतकी मोजदाद लागत नाही, पण कुठे पाहावे हे त्यावरून नीट कळते.

मराठीत मी प्रथम पाहतो ते स्वतःचा उल्लेख. माणूस ‘मी’ लिहितो, स्वतःसाठीच ‘आम्ही’ लिहितो, की कर्ता टाळून ‘करण्यात आले’ म्हणतो? त्यानंतर ‘च’, ‘ही’, ‘तर’ आणि ‘मात्र’ हे शब्द किती वेळा आणि कशाला चिकटून येतात ते पाहतो. काहींच्या लेखनात दर दुसऱ्या वाक्यात ‘च’ असतो आणि तो काढला तर ते लेखन त्यांचे राहत नाही. मग वाक्ये जोडण्याची पद्धत पाहतो. “जाऊन, भेटून, सांगून परतलो” असे एका दमात सांगणारा माणूस आणि “गेलो. भेटलो. सांगितले.” असे लिहिणारा माणूस यांच्यात विचारांच्या गतीचाच फरक असतो. नेहमीच्या सवयी सांगताना “जात असे” की “जायचो”, आणि क्रियापद वाक्याच्या शेवटीच राहते की “आठवतो तो दिवस” असे कधी पुढे येते, याचीही मी नोंद करतो. म्हणी, सुभाषिते आणि ठरावीक लाडके शब्द मी सर्वांत शेवटी पाहतो, कारण नक्कल करणारा प्रथम तेच उचलतो आणि तिथेच त्याचे लिहिणे विडंबनासारखे होऊ लागते.

आता नमुने कोणते मागावेत. माझ्या अनुभवात तीन ते पाच वेगवेगळे मजकूर आणि एकंदर दीड ते दोन हजार शब्द मिळाले, तर सुमारे हजार शब्दांच्या मनोगताचे काम व्यवस्थित होते. मात्र संख्येपेक्षा दोन अटी महत्त्वाच्या आहेत. पहिली अट अशी की, मजकूर त्यांनी स्वतः लिहिलेला असावा आणि त्यावर दुसऱ्या कोणाचा हात फिरलेला नसावा. वरिष्ठ पदावरील माणसाच्या नावाने छापलेली प्रास्ताविके बहुधा कार्यालयात तयार झालेली असतात, आणि नियतकालिकातील लेखावर संपादकाचा संस्कार असतो. असे मजकूर लोक सर्वांत आधी पाठवतात, कारण त्यांना ते सर्वांत सादर करण्यासारखे वाटतात. दुसरी अट अशी की, निदान एक तरी मजकूर आपल्या कामाच्या जातीचा असावा, म्हणजे ज्यात त्यांनी कोणाविषयी तरी आपुलकीने किंवा मागे पाहून लिहिले आहे. केवळ कामाचे ईमेल पाहून मनोगत लिहिले तर ते कोरडे होते, आणि केवळ समारंभातील भाषण पाहून लिहिले तर ते फुगते.

म्हणून मी मागणी अशी करतो : कोणाला तरी सविस्तर समजावून सांगणारा एक ईमेल, एखाद्या परिचिताला लिहिलेले एक खासगी पत्र, आणि त्यांना स्वतःला न आवडलेला, पण त्यांच्या नावाने गेलेला एक मजकूर. हा तिसरा नमुना विचित्र वाटेल, पण “यातले काय खटकते?” या प्रश्नाला लोक जितके नेमके उत्तर देतात, तितके “काय आवडते?” याला देत नाहीत. पत्रांतील इतरांची नावे आणि खासगी तपशील झाकून पाठवायला मी आवर्जून सांगतो. मला वाक्यांची ठेवण हवी असते, त्यासाठी कोणाचे गुपित वाचण्याची गरज नसते.

लेखी काहीच नसेल तर वीस मिनिटांचे बोलणे त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करावे. ते मात्र लेखनाचा नमुना म्हणून जसेच्या तसे वापरू नये. बोलताना येणारे ‘म्हणजे’, ‘असं’ आणि अर्धवट वाक्ये कागदावर उतरवली की बोलणाऱ्यालाच ती आपली वाटत नाहीत. बोलण्यातून घ्यायचा तो शब्दसंग्रह आणि सांगण्याचा क्रम : हा माणूस आधी निष्कर्ष सांगतो की आधी प्रसंग सांगतो, स्वतःचे श्रेय कुठे टाळतो, आणि कुठे आल्यावर त्याचे बोलणे मंदावते.

एक काम तपशिलाने सांगतो, म्हणजे हे कसे घडते ते दिसेल. एका प्रयोगशाळेच्या निवृत्त होणाऱ्या प्रमुखांनी मला नऊशे शब्दांचे मनोगत मागितले होते, आणि सूचना तुमच्यासारखीच होती : माझ्या शैलीत, साध्या भाषेत. मुदत आठ दिवसांची होती. मी नमुन्यासाठी न थांबता लिहायला बसलो, आणि पहिल्याच परिच्छेदात हे वाक्य आले : “या प्रदीर्घ वाटचालीत मला अनेक निष्ठावान आणि कष्टाळू सहकारी लाभले, हे मी माझे भाग्यच समजतो.” त्यांनी मसुदा परत पाठवून लिहिले, “चांगले आहे, पण हे मी लिहिले असे कोणाला वाटणार नाही.” ते बरोबर होते. माणूस ठाऊक नसला की हात आपोआप त्याच्या पदाकडे वळतो, आणि निवृत्त होणारे कोणतेही प्रमुख जसे लिहितील असे आपण समजतो, तसे लिहून मोकळे होतो.

मग मी नमुने मागितले. आधी वार्षिक अहवालातील त्यांची प्रस्तावना आली. दोन पानांत ‘करण्यात आले’ हा प्रयोग अकरा वेळा होता. “हे आपण स्वतः लिहिले होते का?” असे विचारल्यावर त्यांनी सांगितले की मसुदा कार्यालयाचा होता आणि त्यांनी फक्त सही केली होती. तो मी बाजूला ठेवला. नंतर सहकाऱ्यांना पाठवलेले दोन ईमेल आणि एका जुन्या सहकाऱ्याला लिहिलेले पत्र आले. तिन्ही मिळून 770 शब्द आणि 61 वाक्ये होती, म्हणजे मला हवे असते त्याच्या जेमतेम निम्मे साहित्य.

सरासरी काढली तर वाक्य साडेबारा शब्दांचे भरत होते, पण ती सरासरी फसवी होती. प्रत्यक्षात ते एक लांब वाक्य लिहून त्याच्या मागे तीन-चार शब्दांचे वाक्य ठेवत होते, आणि सगळा जोर त्या लहान वाक्यावर पडत होता. स्वतःसाठी ते नेहमी ‘मी’ लिहीत, आणि ‘आम्ही’ हा शब्द केवळ सर्व सहकाऱ्यांसह केलेल्या कामासाठी येत होता. ‘अर्थात’ हा शब्द पाच वेळा होता, आणि प्रत्येक वेळी त्याच्या पुढे समोरच्याच्या बाजूने एखादी कबुली होती. मला सर्वांत उपयोगी वाटले ते असे की, तिन्ही मजकुरांत माणसासाठी एकही स्तुतीपर विशेषण नव्हते. कोणाविषयी आदर व्यक्त करायचा असला की त्या माणसाने काय केले तेवढे ते सांगत. माझे ‘निष्ठावान आणि कष्टाळू’ त्यांना का परके वाटले, ते तेव्हा मला कळले.

एका ईमेलमध्ये सूक्ष्म तराजू बिघडल्याचा उल्लेख होता, म्हणून त्या दिवसाविषयी मी त्यांना दूरध्वनीवर विचारले आणि मिळालेल्या तपशिलांवरून तोच परिच्छेद पुन्हा लिहिला : “तराजू बिघडला त्या दिवशी सुटी असूनही दोघे जण आले, रात्रीपर्यंत थांबले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वेळेवर कामावर हजर होते. मी त्यांना बोलावले नव्हते. अर्थात, माझा निरोप गेला असता तरी त्यांनी वेगळे काही केले नसते.” त्यांनी यात एकच दुरुस्ती केली : ‘हजर होते’ यातील ‘होते’ खोडले. मी पत्र पुन्हा उघडले, तेव्हा क्रियापद गाळलेली चार वाक्ये तिथे दिसली, जी पहिल्या वाचनात माझ्या नजरेतून सुटली होती. त्या एका खोडलेल्या शब्दामुळे उरलेल्या मनोगतातील सहा-सात वाक्ये मला दुरुस्त करता आली.

नमुने येईपर्यंत काय करावे, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर याच अनुभवातून निघते. नमुना नसतानाही मजकुराचे अर्धे काम होऊ शकते, कारण कोणते प्रसंग घ्यायचे, कोणाचे ऋण मानायचे, कशाविषयी मौन पाळायचे आणि कोणत्या क्रमाने सांगायचे, हे शैलीच्या आधी ठरते. तेवढे त्यांच्याकडून समजून घ्या आणि साध्या प्रमाण मराठीत, अलंकार टाळून, मध्यम लांबीच्या वाक्यांत लिहून काढा. जिथे त्यांची आठवण किंवा मत हवे, तिथे स्वतः कल्पना न करता चौकटी कंसात “इथे तुमच्या पहिल्या दिवसाचा एक प्रसंग हवा” असे लिहून जागा मोकळी ठेवा. कल्पित आठवण सुंदर जमली तर धोका अधिक असतो, कारण ती व्यक्ती भिडेपोटी ती तशीच राहू देते आणि छापून आल्यावर तो प्रसंग कधी घडलाच नव्हता, हे जाणणारी माणसे वाचकांत असतात.

त्याच वेळी एका लहान परिच्छेदाची दोन-तीन रूपे त्यांना पाठवा, पण त्यांतील आशय एकच ठेवा. उदाहरणार्थ : “दुरुस्तीचा खर्च परवडत नसल्यामुळे आम्ही ते यंत्र बंद केले.” “दुरुस्ती परवडत नव्हती. यंत्र बंद केले.” “खर्चाचा विचार करून यंत्र बंद करण्याचा निर्णय घेण्यात आला.” यांतील कोणते चांगले, असे मात्र विचारू नका. लोक मग सर्वांत भारदस्त दिसणारे निवडतात. “घाईत असताना यांतील कोणते वाक्य तुमच्या हातून लिहिले गेले असते?” असे विचारा आणि निवडलेल्या वाक्यात त्यांना हवा तो बदल करायला सांगा. ते जो बदल करतील, तो तुमचा पहिला खरा नमुना होय.

शक्य असेल तर आणखी एक विनंती करावी. नुकत्याच घडलेल्या एखाद्या किरकोळ गोंधळाविषयी त्यांनी परिचिताला कळवावे तसे दीडशे शब्द लिहून पाठवावेत. विषय मुद्दाम किरकोळ ठेवायचा. “तुमच्या शैलीचा नमुना लिहा” म्हटले की माणूस सावध होतो आणि शाळेतील निबंधासारखे लिहितो. गोंधळ सांगताना मात्र त्याचे लक्ष सांगण्याकडे असते आणि सवयी आपसूक कागदावर येतात.

पहिला मसुदा पाठवताना सोबत एक ओळ नक्की जोडा : “यातील माहिती आणि क्रम तपासावा. भाषा अजून तुमची झालेली नाही, ती नमुने आल्यावर होईल.” हे न सांगता पाठवलेला तटस्थ मसुदा अंतिम समजून नाकारला जातो, आणि मग पुढच्या मसुद्याकडेही ती व्यक्ती शंकेने पाहते. माझ्या बाबतीत वर सांगितलेल्या कामात हेच झाले होते, आणि आठांपैकी दोन दिवस केवळ तो गैरसमज दूर करण्यात गेले.

आपण चुकत आहोत हे कसे ओळखायचे, तेही सांगतो. “छान झाले आहे” एवढाच अभिप्राय आला आणि एकही खूण केलेली नसेल, तर मी अस्वस्थ होतो. आपलाच मजकूर वाचणारा माणूस काही ना काही बदलतोच, आणि दुसऱ्याचा मजकूर असल्यासारखे वाचणारा माणूस कौतुक करून थांबतो. तेव्हा मी त्यांना तो मजकूर मोठ्याने वाचायला सांगतो आणि ते कुठे अडखळतात किंवा कोणता शब्द नकळत बदलून वाचतात, ते ऐकतो. एकाने ‘सहकार्य लाभले’ हे छापलेले शब्द तीनदा ‘मदत झाली’ असे वाचले होते, आणि छापलेले तसे नाही हे त्यांच्या लक्षातही आले नव्हते. उलट बाजूची चूकही होते. नमुन्यात ‘अर्थात’ पाच वेळा आला म्हणून मनोगतात तो बारा वेळा आला, तर वाचणाऱ्याला ती नक्कल वाटते. नमुन्यात एखादी सवय हजार शब्दांमागे जितक्या वेळा आढळते, त्याहून थोडी कमीच मी ठेवतो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून राहतात. मुदत दोन दिवसांची असेल तर नमुन्यांचा आग्रह सोडून ध्वनिमुद्रण आणि दोन-तीन रूपांचा परिच्छेद एवढ्यावरच काम भागवावे लागते. ती व्यक्ती आजारी किंवा फार वृद्ध असेल तर तिच्या जवळच्या माणसाला मजकूर वाचून दाखवणे उपयोगी पडते, पण नातेवाइकांना आठवते ते त्या व्यक्तीचे बोलणे असते, लेखन नव्हे, आणि अंतिम होकार शक्य तोवर तिचाच घ्यावा. आणि नमुना शेवटपर्यंत आलाच नाही, तर स्वच्छ, तटस्थ मराठीत लिहिलेले मनोगत द्यावे आणि ते त्यांच्या शैलीत आहे असा दावा करू नये. अशा वेळी मी प्रत मोठ्या अक्षरांत, ओळींमध्ये भरपूर जागा सोडून छापून देतो आणि हातात पेन घेऊनच ती वाचावी, अशी विनंती करतो.